नाडी मोजण्याआधी माणसाला बसू द्या

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या भावावर. दिवाळीची सुटी संपून कचेऱ्या उघडल्या त्या सोमवारी, दुपार व्हायच्या जरा आधी, अमरावतीला, सरकारी उमेदवारांची शरीरतपासणी होते त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. मी जागा सांगतो, वेळ सांगतो, कारण आमच्या वऱ्हाडात अन्याय झाला म्हटलं की लोक आधी विचारतात, कोणी मारलं का, कोणी लुटलं का. नाही. एका माणसाने त्याचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सोडून दिलं. एवढंच झालं. आणि तेवढ्यात त्याची सहा वर्षं वाया जायला आली.

दादा अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होता. तात्पुरता. सहा वर्षं तात्पुरता, म्हणजे काम कायमच्या माणसाचं आणि मान उमेदवाराचा. शेवटी एक जागा रिकामी झाली, वरून मंजुरी आली, आणि कायम होण्याआधी एकच पायरी उरली. शरीर धडधाकट असल्याचा दाखला. तो अमरावतीहून आणायचा होता.

तो पहाटेच्या गाडीने निघाला. रात्रभर झोपला नव्हता. बडनेऱ्याला उतरून पुढची गाडी धरताना पळाला. अमरावतीच्या स्टेशनावर टांगेवाल्याशी हुज्जत घालत न बसता अर्धा रस्ता पायीच पळाला. पोटात दोन कप चहा, दुसरं काही नाही. तिथे व्हरांड्यात वीसेक माणसं उभी. बाक होता, पण त्यावर पट्टेवाल्याची पिशवी बसलेली. नाव पुकारलं की उमेदवाराने पळत जायचं, जिना चढायचा, आत जाऊन ताठ उभं राहायचं. दादाचं नाव पुकारलं. तो पळाला, जिना चढला, ताठ उभा राहिला. आतल्या डॉक्टरांनी त्याच क्षणी नाडी धरली, मिनिटाच्या चौथ्या हिश्श्यापुरती मोजली, चाराने गुणली आणि लिहून टाकलं: एकशे बारा. तूर्त अपात्र. आठ आठवड्यांनी पुन्हा हजर व्हावे.

पुन्हा म्हणजे शेवटचं. दुसऱ्यांदा अपात्र ठरला तर जागा दुसऱ्याला, आणि दादा घरी.

तो संध्याकाळी परत आला आणि ओसरीवर बसून चपला काढायच्याच विसरला. मी तेव्हा एका छापखान्यात बसून पत्रकं लिहीत असे. कोपऱ्यावर उभं राहून बोलत असे, दोनदा पोलिसांनी कॉलर धरलेली होती. मला वाटलं, यात साहेबाचा हात आहे, कोणाचा तरी भाचा मध्ये घुसवायचाय. मी लगेच मजकूर जुळवायला लागलो. दादा म्हणाला, अरे बाबा, कोणी काही केलं नाही, माझंच काळीज वाईट आहे.

हे वाक्य मी विसरलो नाही. राग मला त्या डॉक्टरांपेक्षा याच वाक्याचा जास्त आला. सहा वर्षं माणसाला असं वागवायचं की शेवटी त्याला स्वतःचंच काळीज गुन्हेगार वाटावं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ओढतच आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ते बोलायला तिखट होते आणि औषध द्यायला कंजूस. त्यांनी दादाला खुर्चीवर बसवलं आणि चक्क विसरून गेले. दोन पोरांचे कान पाहिले, एका बाईला चूर्ण बांधून दिलं. मग उठले, दादाचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पूर्ण फिरू दिला.

शहाण्णव.

मी म्हटलं, काल एकशे बारा होती. ते म्हणाले, काल ती पळत होती. नंतर त्यांनी पापण्या ओढून रक्त पाहिलं, गळ्याला गाठ आहे का चाचपलं, जीभ, हातांचा कंप, ताप, मलेरियाची चौकशी, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. शेवटी म्हणाले, रोग नाही. दिवसभर खुर्ची, रात्री दप्तर, चहावर चहा, अर्धी झोप. या जगण्याला शहाण्णवच शोभते.

मग त्यांनी आठ आठवड्यांचा क्रम सांगितला. मी तो इथे लिहितो, कारण तो कोणाच्या मालकीचा नाही आणि त्याला काही लागत नाही.

नाडी मोजायची ती सकाळी, जाग आल्यावर, अंथरुणातच, उठायच्या आधी, चहाच्या आधी. पूर्ण एक मिनिट. दिवसातून एकदाच, सारखं मनगट चाचपत बसायचं नाही, त्यानेच ती चढते. चालायचं रोज, सपाट रस्त्याने, पहिले दोन आठवडे अर्धा तास. बोलता यावं पण गाता येऊ नये असा वेग. मग हळूहळू पाऊण तास, सहाव्या आठवड्यापासून तासभर, मधे मधे जरा झपाझप. झोपायची वेळ ठरलेली, उठायची ठरलेली, सुटीच्या दिवशीही. दुपारनंतर चहा बंद, तंबाखू बंदच. आणि सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं बसून श्वास: नाकाने सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. आत चार मोजायचे तर बाहेर सहा. कोंडायचा नाही. ओढायचा नाही. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सगळं थांबवून तडक दवाखान्यात यायचं.

मी विचारलं, चालण्याने काळीज उलट थकणार नाही का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पत्रकं लिहितो हे त्यांना नक्की ठाऊक असावं. म्हणाले, काळीज म्हणजे मांसच आहे. हमालाचा दंड कमावतो तसं तेही कमावतं. कमावलेलं काळीज एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. पण ते आठ दिवसांत होत नाही, आणि आठ आठवड्यांत चमत्कार होत नाही. दहा-बारा ठोके उतरले तर पेढे वाटा. मग त्यांनी माझं बोट माझ्याच मनगटावर ठेवलं आणि म्हणाले, श्वास घे, आता सोड, सावकाश. मला कळलं. श्वास आत घेताना ठोके एकमेकांच्या जवळ येत होते, सोडताना लांबत होते. इतकी वर्षं हे माझ्या कातडीखाली चाललं होतं आणि मी जगाला शहाणपण शिकवत फिरत होतो.

पहिल्या सकाळी अंथरुणातली नाडी ब्याण्णव आली. घड्याळ वहिनीच्या माहेरचं, बार्शीटाकळीहून लग्नात आलेलं, सेकंदकाट्याचं. ती ते दादाच्या उशाला ठेवी आणि तो मोजत असताना दारात उभी राहून कोणालाही बोलू देत नसे. मी एकदा शिंकलो तर म्हणाली, "भाऊजी, शिंकाले अंगणात जा."

चालायला मी त्याच्याबरोबर जाई. आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की माझ्या भावाला चालता येत नाही. हसू नका. तो मान खाली घालून, काखेत नसलेलं दप्तर दाबून, एक खांदा पुढे काढून सुटे. मी मोर्णा नदीच्या काठापर्यंत त्याच्या मागे धापा टाकत जाई. कपाशीचा हंगाम, बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली, धुळीत कापसाचे पुंजके उडणारे. आणि हा बैलांना मागे टाकून निघालेला. एका गाडीवानाने विचारलं, "काहून पळून राहिले मास्तर, मागं कोणी लागलं काय?" मी म्हटलं, हो, सरकार लागलंय. दादाला ते आवडलं नाही. तो म्हणाला, मी पळत नाही, मी असाच चालतो. खरंच होतं ते. कचेरीत कोणी सावकाश चाललं की त्याला काम नाही असं धरतात, म्हणून त्याने सावकाश चालणं टाकून दिलं होतं.

श्वासाचीही तीच गत. आमचे वडील भिक्षुकी करत. आठव्या वर्षी मुंज झाल्यापासून दादाला प्राणायाम म्हणजे नाक दाबून श्वास कोंडणं एवढंच माहीत. डॉक्टरांनी कोंडू नको म्हटलेलं त्याने ऐकलं, पण हाताला ते ऐकू गेलं नाही. त्याने पाटावर बसून नाक दाबलं, वडील शेजारी मंत्र म्हणत कौतुकाने पाहत होते, आणि दादाचा चेहरा वांग्यासारखा झाला. उठताना भिंत धरली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, श्वासाने मला घेरी येते, हे सोडू या. मी त्याला परत नेलं. डॉक्टर वडिलांना ओळखत. त्यांनी वडिलांनाच निरोप पाठवला, "देवासाठी करता ते देवाला पोचतं. माझ्यासाठी करायचं असेल तर नाकावरचा हात काढा, आणि निजलेल्या पोरासारखा श्वास घ्या." वडील दोन दिवस त्यांच्यावर रुसले. पण दादाने हात काढला.

तिसऱ्या आठवड्यात आकडा हलला. अठ्ठ्याऐंशी. एकदा सत्त्याऐंशी. त्या सकाळी दादा चालताना पहिल्यांदा झाडांकडे पाहत होता.

आणि मग हेडकारकुनाने दप्तर पाठवलं.

मोठं गाठोडं. कसले तरी तालुक्यांचे तक्ते, वर्षअखेरीआधी जुळवून पाहिजेत. रात्री घरी बसून करा, तुम्हाला आता कायम व्हायचंय ना. दादाने चार रात्री कंदील मोठा करून ते जुळवले. सकाळची नाडी पुन्हा नव्वदच्या वर. डॉक्टर आधीच म्हणाले होते, झोप मोडली की दुसऱ्या सकाळी नाडी चुगली करते. ती केली. मी हेडकारकुनाच्या नावाने पत्रक लिहायला बसलो, शीर्षकसुद्धा सुचलं होतं. वहिनी मागून येऊन वाचत उभी राहिली. तिला वाचता येत होतं, आणि माझं लिखाण फारसं आवडत नव्हतं.

म्हणाली, "तुमी लिवत बसा भाऊजी. मी जाऊन येतो." माझी वहिनी रागात आली की स्वतःबद्दल बापासारखी बोले, येतो, जातो.

तिने गाठोडं उचललं आणि भर संध्याकाळी हेडकारकुनाच्या घरी गेली. तिथे त्याच्या बायकोच्या पुढ्यात ते ठेवलं. काय बोलली ते तिने मला नंतर तीनदा सांगितलं, दर वेळी जरा वाढवून, पण गाभा हा होता: "यायले डॉक्टरनं झोप लिवून देली हाय, बाई. औषध चुकवून कसं चालन? तुमचे मालक जागतेच, तर हे बी त्यायलेच जुळवू द्या." हेडकारकुनाच्या बायकोने म्हणे तिला हळदीकुंकू लावलं, चिवडा दिला आणि गाठोडं ठेवून घेतलं. त्या बाईच्याही मनात काही साठलं असावं.

दप्तर पुन्हा आलं नाही. पण कचेरीत दादाचं नाव पडलं, नाडीसाहेब. तो आला की कोणीतरी मनगट धरून छताकडे पाही. दुपारचा चहा नाकारला की म्हणत, अहो सोडा हो, नाडीसाहेबांना सोवळं आहे. दादा हे घरी हसत सांगे. मला हसू येत नसे. एक माणूस जगण्याइतकं झोपू पाहतो, त्याची टिंगल त्याच्याइतकेच अर्धवट झोपलेले लोक करतात. साहेबाला हात हलवावा लागत नाही.

सहाव्या आठवड्यात आकडा एक्याऐंशीवर आला. चालणं तासाचं झालं होतं, जुन्या शहरावरून वळसा घालून. बोलत बोलत चालत होतो, तो वाद घालत होता, म्हणजे वेग बरोबर होता. मला वाटलं, जिंकलो.

त्याच दिवसांत मी एकदा त्याचा डबा घेऊन कचेरीत गेलो. तो टेबलाशी लिहीत बसला होता, शांत. मी दारात उभा. तेवढ्यात साहेबाच्या खोलीत घंटी वाजली. घंटी दुसऱ्याच कोणासाठी होती, दोन टोल म्हणजे हेडकारकून, एक म्हणजे दादा. या वेळी दोन टोल पडले. तरी दादा पहिल्याच टोलाला खुर्चीतून अर्धा उठला होता. टाक हातातच, शाईचा थेंब कागदावर. त्या खोलीतली सातही माणसं अर्धी उठली होती. मग दुसरा टोल ऐकला आणि सगळे खाली बसले, जणू काही झालंच नाही. हेडकारकून मात्र पळाला. पन्नाशीचा माणूस, पोटाचा घेर सांभाळत, पळाला.

मी जाऊन दादाचं मनगट धरलं. मोजायची गरज नव्हती. त्याच्या कातडीखाली घोडं सुटलं होतं.

तेव्हा मला अमरावतीचा जिना दिसला. जिथे ही माणसं घडतात तिथे बोलावणं म्हणजे पळणं. कोणी शिकवत नाही, कुठे लिहिलेलं नाही, पण चालत गेलेल्याला विचारतात, काय जहागीरदार, पालखी पाठवायची होती का? सहा वर्षं रोज वीसदा असं उठलेल्या माणसाची नाडी, नाव पुकारल्यावर, पळत जिना चढल्यावर, उभ्याने मोजायची आणि तिला विश्रांतीची नाडी म्हणायचं. आठ काय, ऐंशी आठवडे तो चालला असता तरी त्या खोलीत तो पुन्हा शंभराच्या वरच निघाला असता.

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते पहिल्यांदा चिडलेले दिसले. नाडी बसल्यावर पाच मिनिटांनी मोजायची असते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगतात, म्हणाले. मग दादाला म्हणाले, उरलेल्या दिवसांत एक नवीन औषध. घंटी वाजली की एक लांब श्वास सोडायचा. मग उठायचं. मग चालायचं.

दादाने विचारलं, "आणि साहेब ओरडले तर?"

"ओरडण्याने त्यांची वाढेल. तुमची का वाढवता?"

दादाने ते केलं का? पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी श्वास सोडला पण पळाला. तिसऱ्या दिवशी तो चालत गेला. साहेबाने वरसुद्धा पाहिलं नाही. तो घरी येऊन मला म्हणाला, अरे, त्यांना कळलंच नाही. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. सहा वर्षं आपण कोणासाठी पळत होतो, हे त्याला तेव्हा समजलं असावं. साहेबाने कधी पळायला सांगितलं नव्हतं. ते कारकुनांनीच आपसात ठरवलं होतं आणि एकमेकांवर पहारा ठेवला होता.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात दुसरी तपासणी. त्या सकाळची अंथरुणातली नाडी एकोणऐंशी. या वेळी आम्ही आदल्या दिवशीच अमरावतीला जाऊन मावशीकडे राहिलो, सकाळी तिचा आग्रहाचा चहा दोघांनीही नाकारला, ती अजून बोलते त्याबद्दल. चालत गेलो, वेळेआधी. तोच व्हरांडा. बाकावर तीच पिशवी, किंवा तिची बहीण. मी पिशवी उचलून खाली ठेवली आणि दादाला बसवलं. पट्टेवाला आला आणि माझ्या खादीकडे पाहून परत वर गेला. आमच्या शेजारी भातकुलीकडचा एक मास्तर उभा होता, पोरसवदा, टोपी हातात चुरगाळणारा. त्याचीही दुसरी खेप. दादाने सरकून त्याला जागा दिली, तर म्हणाला, नको, नाव पुकारलं तर उठायला वेळ जाईल.

त्याचं नाव पुकारलं. तो पळाला. जिन्यावर त्याच्या वहाणांचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो उतरला तेव्हा कोणाकडे न बघता भिंतीला टेकला. मी विचारलं, किती? म्हणाला, एकशे सोळा, संपलं.

मग दादाचं नाव.

मी त्याच्याकडे पाहत होतो. तो पहिल्या अक्षरालाच अर्धा उठला. मग थांबला. खाली बसला. श्वास सोडला, लांब, मला ऐकू येईल इतका. मग उठला आणि चालायला लागला. पट्टेवाला वरून ओरडला, "काय देवा, वरात हाय काय? चला ना बाप्पा लवकर." व्हरांड्यातली माणसं हसली. एकाने मनगट धरून छताकडे पाहिलं नाही एवढंच. दादा एक एक पायरी चढला.

मी मागोमाग दारापर्यंत गेलो. आत डॉक्टरांनी सवयीने हात पुढे केला. थकलेला माणूस होता, आमच्याचसारखा, आमच्याच भाषेचा, टेबलावर कागदांचा ढीग. दादाने मनगट पुढे केलं नाही. त्याच्या उभ्या जन्मात त्याने वरिष्ठाला हे पहिलं वाक्य स्वतःहून सांगितलं:

"साहेब, मी जिना चढून आलोय. मला पाच मिनिटं बसू द्या, मग पूर्ण मिनिट मोजा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मला वाटलं, गेलं. कागदावर उद्धट असा शेरा पडेल आणि नाडीचा प्रश्नच उरणार नाही. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? दादाने पेठेतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. भिंतीकडच्या स्टुलाकडे बोट केलं. दादा बसला, आणि त्यांनी पुढची दोन माणसं तपासली. तीही पळतच आली होती, त्यांची नाडी त्यांनी उभ्यानेच मोजली. मग ते उठून दादाकडे आले आणि काटा पूर्ण फिरू दिला.

चौऱ्याऐंशी. पात्र.

लिहिलेला कागद दादाच्या हातात आला. आता त्याने नमस्कार करून उतरायचं होतं. तो उतरला नाही. म्हणाला, "माझ्याआधी एक मास्तर आले होते. तेही पळतच आले होते. त्यांनाही बसवून मोजा, साहेब."

"तुमचं काम झालं ना?"

"माझं झालं."

"मग या आता. नोंद झाली की झाली."

एवढंच. तो माणूस दुष्ट नव्हता, हे मला त्याहून वाईट वाटतं. बसवून मोजायचं त्याला माहीत होतं. एकाने मागितलं तर त्याने दिलं. ज्यांनी मागितलं नाही त्यांना त्याने दिलं नाही, आणि एकदा खोटा आकडा लिहिला गेल्यावर तो त्याच्यापेक्षा मोठा झाला. मी दारातून ओरडलो, मला पट्टेवाल्याने दंड धरून जिन्यावरून खाली आणलं, माझी नाडी तेव्हा किती होती कोण जाणे. दादा मागून चालत आला. त्याने मास्तराला चुरगळलेली टोपी नीट करून दिली, आणि व्हरांड्यातच बसवून, भोवती उभ्या राहिलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, चालणं, झोप, श्वास, अंथरुणातली मोजणी, सगळं सांगितलं. मास्तराने शेवटी विचारलं, पण आता काय उपयोग, दुसरी खेप गेली. मी त्याचा अर्ज लिहून दिला, फेरतपासणीसाठी. त्याला उत्तर आलेलं नाही.

दादा कायम झाला. त्याची नाडी आजही ऐंशीच्या आसपास असते, तो आजही मोर्णेकाठी चालतो, वहिनी आजही घड्याळ उशाला ठेवते. पेढे वाटले. माझा राग त्या पेढ्यांनी गेला नाही.

म्हणून वाचणाऱ्या, मी तुला सरळ सांगतो. तू कचेरीत बसत असशील तर उद्या घंटी वाजल्यावर श्वास सोड, उठ, आणि चालत जा. शेजारचा चालत निघाला तर त्याला जहागीरदार म्हणू नकोस, त्याच्याबरोबर चाल. आणि तू टेबलाच्या पलीकडे बसत असशील, तुझ्या हातात घड्याळ असेल आणि समोर धापा टाकणारा माणूस उभा असेल, तर त्याने मागायची वाट पाहू नकोस. त्या बाकावरची पिशवी उचल. त्याला बसव. मग मोज.